आज फोन कोणाला करायचा?

हातकणंगले तालुक्यातील एका कारखानदार मित्राच्या कचेरीत गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही बसलो होतो. हा गृहस्थ उसाच्या वाहतुकीच्या ट्रॉल्या बनवतो. आठ-दहा कारीगर आहेत, वेल्डिंगचा उजेड दिवसभर थांबत नाही, आणि मालाबद्दल तक्रार नाही. तरीही तो वैतागलेला होता. "पैसे भरून चौकशा विकत घेतो, पण सगळ्या खोट्या. फोन केला तर माणूस म्हणतो, आम्ही घेतली ट्रॉली," असे त्याचे म्हणणे.

आम्ही त्याला एवढेच विचारले की, या माणसाला फोन केला कधी? संगणकावर पाहिले तेव्हा चौकशी शनिवारी संध्याकाळी आलेली आणि फोन गुरुवारी गेलेला. माणूस खोटा नव्हता. त्याला ट्रॉली हवी होती व त्याने ती घेतलीही, फक्त दुसऱ्याकडून.

आमच्या व्यापारीबंधूंपैकी अनेकांनी गेल्या काही वर्षांत ग्राहकांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर घेतले आहे. कोणी चेन्नईच्या झोहो कंपनीचे, कोणी ईआरपीनेक्स्ट, तर कोणी इंडियामार्टबरोबर मिळणाऱ्या लीड मॅनेजरवरच भागवतो. त्यात चौकशा जमा होतात, आणि जमाच होत राहतात. सकाळी नऊ वाजता दुकान उघडून बसलेल्या माणसापुढे शंभर-सव्वाशे नावे असतात. हात फोनकडे जातो आणि मग तो ओळखीच्या, गोड बोलणाऱ्या माणसाचा नंबर लावतो. आमच्या मते सगळा घोटाळा येथे आहे. सॉफ्टवेअर नावे सांभाळते. आज कोणते नाव घ्यायचे हे मालकाने ठरवून दिले नसेल तर ते नोकराच्या लहरीवर ठरते.

आपल्याकडे हे शास्त्र नवीन नाही. उधारीच्या वसुलीला निघणारा जुना दिवाणजी वहीतल्या पहिल्या नावापासून सुरुवात करीत नसे. ज्या गावाचा आज बाजार आहे तेथील माणसाच्या हाती आज पैसा आहे, ज्याने अमुक वारी ये म्हटले त्याचा आज वार आहे, असा हिशेब करून तो निघे. बुडीत खाते वेगळे आणि चालू खाते वेगळे हेही त्याला पाठ असे. वसुलीत जे आपण करीत आलो ते विक्रीत मात्र करीत नाही.

आता त्या मित्राच्या कारखान्याचाच हिशेब मांडू. त्या सोमवारी त्याच्याकडे एकूण ११८ चौकशा प्रलंबित होत्या. फोन करणारा कचेरीतला एकच मुलगा, आणि त्याला सकाळचे दोन तास मोकळे. एक फोन लावणे, बोलणे आणि बोलून झाल्यावर दोन ओळी लिहिणे यास सरासरी सात मिनिटे लागतात, हे आम्ही घड्याळ लावून पाहिले. म्हणजे दोन तासांत सतरा फोन. ११८ पैकी सतरा. उरलेल्या १०१ जणांना आज फोन जाणार नाही हे आधी मनाशी कबूल करावे लागते. मालक लोकांना हे कबूल करणे जड जाते, म्हणून ते "सगळ्यांना लाव" असे सांगतात, आणि मग कोणालाच नीट लागत नाही.

सतरा निवडायचे कसे? पहिला हक्क त्यांचा, ज्यांनी स्वतः आजचा वार सांगितला होता किंवा ज्यांना आपण आज फोन करतो असे म्हटले होते. असे सहा निघाले. "सोमवारी फोन करतो" हे आपण बोललो तर तो वादा आहे. समोरचा विसरला असेल तरी आपण विसरलो असे होता कामा नये. शिवाय हा धंद्याचाही हिशेब आहे. ज्या माणसाने वार सांगितला त्या दिवशी त्याच्याकडे काहीतरी घडणार असते.

दुसरा हक्क नव्या चौकशांचा. शनिवार संध्याकाळपासून चार आल्या होत्या. इंडियामार्टवर एकच मागणी अनेक विक्रेत्यांना विकली जाते हे आपण जाणतो, म्हणजे आपला फोन उशिरा गेला तर तो तिसरा किंवा चौथा असतो. अमेरिकेत २०११ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये याविषयी एक लेख आला होता. २,२४१ कंपन्यांकडे चौकशी पाठवून त्या किती वेळात उत्तर देतात हे तपासले, तेव्हा तासाभरात उत्तर देणाऱ्या ३७ टक्के निघाल्या आणि २३ टक्क्यांनी उत्तरच दिले नाही. तासाच्या आत फोन करणाऱ्यांना कामाचे बोलणे होण्याची शक्यता तासानंतर करणाऱ्यांपेक्षा जवळजवळ सातपट होती. हे आकडे तिकडचे आणि संगणकावरून येणाऱ्या चौकशीचे आहेत, हे लक्षात ठेवावे. ट्रॉली कोणी तासाभरात घेत नाही. पण पहिले बोलणे कोणाशी होते याला आपल्याकडेही तेवढीच किंमत आहे, असे आमचे मत. म्हणून नवी चौकशी दोन तासांच्या यादीची वाट पाहत ठेवू नये. ती आली की हातातले सोडून फोन, आणि यादीत तिला जागा फक्त रात्री किंवा सुट्टीत आली असेल तर.

तिसरा हक्क ज्यांना कोटेशन गेले आहे आणि त्याची मुदत संपत आली आहे त्यांचा. पत्रा आणि चॅनेलचे भाव हलतात, म्हणून हा कारखाना भाव सात दिवसांपुरता देतो. सहाव्या दिवशी फोन करण्यास प्रामाणिक कारण मिळते: "दादा, उद्यापर्यंत हा भाव आहे, पुढे पत्र्यावर बघावे लागेल." आठव्या दिवशी तोच फोन केला तर ग्राहकास नवा भाव ऐकवावा लागतो आणि बोलणे तेथेच बिघडते. असे पाच होते.

सहा, चार आणि पाच मिळून पंधरा. दोन जागा उरल्या, त्या जुन्यांसाठी.

मग राहिलेल्या १०३ नावांचे काय होते ते पाहण्यासारखे होते. त्यात ३४ जणांना पुढची तारीख होती, त्यांना आज हात लावण्याचे कारण नव्हते. २८ जणांची, आपणच घातलेली तारीख उलटून गेली होती. आणि ४१ नावांपुढे तारीखच नव्हती! "इंटरेस्टेड आहे", "बघतो म्हणाला", "नंतर कॉल" एवढेच लिहिलेले. या ४१ जणांमध्ये किती ट्रॉल्या बुडाल्या ते अल्लाह जाणे. तारीख नसलेले नाव कोणत्याच दिवसाच्या यादीत येत नाही, म्हणून ते पडद्यावर जिवंत दिसते आणि व्यवहारात मेलेले असते.

म्हणून आमचा पहिला आग्रह असा की, सॉफ्टवेअरमध्ये पुढच्या फोनच्या तारखेचा रकाना सक्तीचा करावा. झोहोमध्ये असा रकाना स्वतः जोडता येतो. आमच्या मित्राने त्यास `Next Call Date` नाव दिले. नंतर दोन यादी-दृश्ये बनवली, कारण रोज नव्याने शोधत बसायला कोणास वेळ आहे?

```
आजची यादी:
Next Call Date <= Today
Lead Status isn't Lost Lead, Junk Lead

अनाथ यादी:
Next Call Date is empty
Lead Status isn't Lost Lead, Junk Lead
```

पहिली यादी मुलाने रोज सकाळी उघडायची. दुसरी मालकाने आठवड्यातून एकदा उघडायची आणि ती रिकामी असली पाहिजे. एवढ्या दोन याद्यांनी जे काम होते ते मोठमोठ्या तक्त्यांनी होत नाही.

येथे एक फसगत सांगतो. बरेच जण `Last Activity Time` हा रकाना पाहून कोण किती दिवस दुर्लक्षित आहे ते ठरवतात. पण रेकॉर्डला कसलाही हात लागला की ही वेळ बदलते. कोणी पत्ता दुरुस्त केला, कोणी एकदम पन्नास नावांचा गट बदलला, की सगळी नावे आजच विचारपूस केल्यासारखी ताजी दिसू लागतात. माणसाशी मात्र कोणी बोललेलेच नसते. तेव्हा बोलणे झाल्याची तारीख आणि नोंदीला हात लागल्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी समजाव्यात.

आता तारीख घालायची म्हणजे कोणती? येथे सॉफ्टवेअरचे ज्ञान संपते आणि धंद्याचे सुरू होते. मुलगा सवयीने सगळ्यांपुढे "दोन दिवसांनी" घालत होता. परिणाम असा की दर दोन दिवसांनी तोच ढिगारा पुन्हा पुढे. आमचे म्हणणे असे की तारीख आपल्या सोयीने पडत नाही, ग्राहकाच्या घरी काय घडायचे आहे यावर ती पडते. ट्रॉली घेणारा वाहतूकदार काय पाहतो? आधी साखर कारखान्याशी वाहतुकीचा करार, मग उचल, मग मुकादमाशी बोलून ऊसतोड टोळी पक्की करणे. टोळी ठरली नसेल तर तो दुसरी ट्रॉली कशाला घेईल? म्हणून त्याला "घेणार का, घेणार का" असे विचारणे व्यर्थ. "टोळी ठरली का?" हा प्रश्न. तो म्हणाला, "मुकादम पुढच्या बुधवारी येतोय," तर तारीख गुरुवारची. घटनेच्या दुसऱ्या दिवशी. तो म्हणाला, "करार झाला की सांगतो," तर विचारायचे, करार कोणत्या आठवड्यात? त्याला दिवस माहीत नसेल तर अंदाज घ्यायचा, पण मोकळे सोडायचे नाही.

शेतकऱ्याचे वेगळे. त्याची फाइल बहुधा बँकेत असते. बँकेने कोटेशनवर शिक्का नाही म्हणून किंवा ट्रॉलीचे माप लिहिले नाही म्हणून कागद परत केलेला असतो आणि तो बिचारा आपल्याला सांगायला लाजतो. अशाला फोन केला तर विक्रीची गोष्टच काढू नये, "बँकेने आमच्याकडून आणखी काही कागद मागितला का?" एवढेच विचारावे. त्या सोमवारच्या सहा जणांत शिरोळ भागातला असा एक होता. बँकेस नवे कोटेशन हवे होते, जुन्यावरची मुदत संपली होती. मुलाने त्याच दुपारी ते पाठवले. तीन आठवडे अडलेले काम एका कागदाने हलले.

आणखी एक गोष्ट आमच्या बांधवांच्या ध्यानात असावी. आपला बहुतेक गिऱ्हाईक हिंदू शेतकरी आहे. पितृपंधरवड्यात तो नवे वाहन घरी नेणार नाही. त्या पंधरा दिवसांत "गाडी तयार आहे, घेऊन जा" असा फोन करणे म्हणजे त्याला अडचणीत टाकणे. त्याच दिवसांत "दसऱ्याला मुहूर्तावर पाहिजे असेल तर आता रंग सांगा" असा फोन केला तर तो आनंदाने बोलतो, आणि आपल्यालाही हिशेब जुळवता येतो. या कारखान्यात एक ट्रॉली तयार व्हायला दहा-बारा दिवस लागतात, पावसात रंग वाळायला त्याहून जास्त. गाळप हंगाम ऑक्टोबर अखेर किंवा नोव्हेंबरमध्ये सुरू होतो. मागे मोजत गेले तर ऑक्टोबरचा पहिला आठवडा उलटल्यावर नवी मागणी वेळेवर पुरी करणे कठीण. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमधला एक फोन आणि ऑक्टोबरमधला एक फोन यांची किंमत सारखी नाही. त्या तारखेनंतरही न ठरलेली नावे सरळ पुढच्या जूनची तारीख घालून बाजूस ठेवावीत.

फोनची वेळही त्याच पद्धतीने. शेतकरी सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी जेवणाला घरी; बँकेतल्या कामाची विचारपूस अकरानंतर; वाहतूकदार संध्याकाळी. तीनदा सकाळी दहाला फोन लावून उचलला नाही म्हणून "नॉट इंटरेस्टेड" लिहिणे हा अन्याय आहे. दहाला तो शेतात असतो. शुक्रवारी आपली नमाजाची वेळ यादीतून आधीच वजा करावी, म्हणजे त्या वेळेचे नाव उगाच चुकल्यात जमा होत नाही.

उरले ते ६९ जण, म्हणजे ४१ बिनतारखेचे आणि २८ तारीख उलटलेले. रोज दोन जागांनी हे साफ व्हायला पाच आठवडे लागले असते, तोवर हंगामच तोंडावर. म्हणून मित्राने मुलास आठवडाभर रोज एक तास जास्त दिला. तासाला आठ फोन, वर दोन राखीव, असे रोज दहा. सात दिवसांत ढीग संपला. प्रत्येकाचे दोनच निकाल: एक तर नवी तारीख कारणासह, नाहीतर बंद. वेगवेगळ्या वेळी तीनदा न उचलणाऱ्यांस एक साधा संदेश, "आपली मागणी आम्ही तूर्त बंद करीत आहोत, लागेल तेव्हा कळवा," आणि बंद. गंमत अशी की या संदेशाला काहींची उत्तरे आली.

बंद करताना कारण लिहिणे मात्र टाळू नये. भाव जास्त वाटला, दुसऱ्याकडून घेतली, कर्ज नामंजूर, यंदा बेत रद्द. "कर्ज नामंजूर" आणि "दुसऱ्याकडून घेतली" हे दोघेही आपल्या हातून गेले, पण पहिला पुढच्या वर्षी पुन्हा येऊ शकतो, आणि दुसऱ्याची पुढची गरज दोन-चार वर्षांनी. ज्याने "पुन्हा फोन करू नका" म्हटले त्याचे नाव तसे लिहून ठेवावे आणि खरोखरच करू नये. ईआरपीनेक्स्टमध्ये यासाठी `Do Not Contact` अशी अवस्थाच आहे. नाही म्हणणाऱ्याच्या मागे लागणे हा पाठपुरावा नव्हे, तो त्रास आहे.

आता ज्या गोष्टी बिघडतात त्यांकडे. सर्वांत मोठा रोग तारीख ढकलण्याचा. संध्याकाळी यादी संपलेली दिसावी म्हणून मुलगा न लावलेल्या फोनांच्या तारखा उद्यावर टाकतो. पडदा स्वच्छ आणि काम शून्य. ओळखायचे कसे? सोमवारची यादी सतराऐवजी चाळीसची झाली की समजावे. किंवा एखादे नाव उघडून पाहावे. तारीख चार वेळा बदलली आणि मध्ये बोलण्याची एकही ओळ नाही, तर ते ढकललेले आहे. उपाय म्हणून आमच्या मित्राने नियम केला की, तारीख बदलायची तर ग्राहकाचे एक वाक्य लिहायचे, त्याच्याच शब्दांत. "भाऊ आजारी, पंधरवड्याने" एवढे पुरे. ढकलणे कमी झाले, कारण खोटे वाक्य रचण्यापेक्षा फोन करणे सोपे.

यात मुलाचाही पूर्ण दोष नाही, हे सांगितले पाहिजे. मालक रोज विचारीत असे, "किती फोन केलेस?" जो आकडा विचारला जातो तो वाढतो. मग उचलणारे, गप्पा मारणारे गिऱ्हाईक आधी आणि अवघड बोलणे शेवटी. विचारायचे असेल तर हे विचारावे: आज ज्यांना वादा केला होता त्यांपैकी किती राहिले? त्याचे उत्तर शून्य असावे. बाकी आकड्यांची चौकशी महिन्याने केली तरी चालेल.

सॉफ्टवेअर विकणारे आणखी एक गोष्ट पुढे करतात, ती म्हणजे प्रत्येक चौकशीला आपोआप गुण देण्याची सोय. ज्याचे गुण जास्त त्याला आधी फोन. मोठ्या कंपन्यांकडे हजारो जुने व्यवहार असतात, त्यावरून त्यांना काही अंदाज बांधता येत असेल. ज्याच्या वर्षाकाठी वीस-पंचवीस ट्रॉल्या विकतात त्याच्याकडे अंदाज बांधण्यापुरता मागचा इतिहासच नाही. ईमेल उघडला तर पाच गुण, कंपनीचे नाव लिहिले तर दहा, असे कोणीतरी बसून ठरवलेले असते. आमचा शिरोळचा शेतकरी ईमेल वापरतच नाही. गुणांच्या यादीत तो तळाला गेला असता. लहान कारखानदाराने या फंदात पडू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. ग्राहकाने सांगितलेली तारीख कोणत्याही गुणांपेक्षा खरी.

नोंद कोठे राहते याबद्दलही बोलले पाहिजे. याच कारखान्यात त्याआधीच्या वर्षी चार ट्रॉल्यांचे एक काम गेले होते. गिऱ्हाईकाने बुधवारी कर्ज मंजूर होईल, गुरुवारी फोन करा असे सांगितले होते. ते तेव्हाच्या विक्रेत्याच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये, स्वतःच्या व्हॉट्सॲपवर. मंगळवारी तो पुण्याला नोकरी मिळाली म्हणून गेला. गुरुवारी फोन करायचा आहे हे कारखान्यात कोणास ठाऊकच नव्हते. गिऱ्हाईकाने दोन दिवस वाट पाहिली आणि सांगली जिल्ह्यातून माल घेतला. त्यानंतर मित्राने कारखान्याच्या नावावर एक सिमकार्ड घेतले. आता चौकशीचे सर्व बोलणे त्याच नंबरवरून होते, आणि मुलाचे जेवणाचे सुटते तेव्हा फोन टेबलावरच राहतो.

गेल्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्या कचेरीत गेलो. अनाथ यादी उघडून पाहिली. तीन नावे होती. मित्राने मुलास हाक मारली, तेव्हा तो फोनवर कोणास तरी विचारीत होता, "मामा, टोळी आली का?"